भाजणी स्वस्त विकू नका, आधी थापून बघा

ठाणे, डोंबिवली, कल्याणमध्ये भाजणी विकायची इच्छा असणारे बरेच जण मला पहिला प्रश्न विचारतात, "सर, किलोला किती लावू?" माझं मत स्पष्ट आहे. दुकानातल्या पाकिटाशी भावात भांडू नका. भाजणीत पैसे भाजण्याचे असतात, धान्याचे नाही.

एक घाणा धरू. बाजरी आणि ज्वारी एकेक किलो, तांदूळ, गहू आणि हरभरा डाळ अर्धा-अर्धा किलो, उडीद डाळ आणि धणे पाव-पाव किलो, जिरे 50 ग्रॅम. सगळं मिळून साधारण चार किलो. समजा, माल 360 रुपयांना पडला. बहुतेक जण चारने भागून 90 रुपये किलो म्हणतात. पण भाजताना ओलावा जातो, गिरणीत थोडं पीठ राहतं. हातात पावणेचार किलोच आलं, अडीच तासांची मजुरी 200, गॅस 30, दळण 40 धरलं, तर खर्च 630, म्हणजे किलोला 168 रुपये. पाकीट, लेबल, नफा यानंतर. तुमचे आकडे वेगळे असतील, पण वजन भाजणीनंतर दळून आल्यावरच करा.

मग लोक वेळ वाचवायला सगळं एकाच कढईत टाकतात. तिथेच माल बिघडतो. धणे-जिरे मिनिटांत करपतात, डाळीला वेळ लागतो. म्हणून प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर, खमंग वास येईपर्यंत भाजा. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरलं तर वाफ धरते आणि पीठ लवकर खराब होतं. दळण किंचित रवाळ ठेवा.

आता परीक्षा. प्रत्येक घाण्याचं एक थालीपीठ लावल्याशिवाय पाकीट बंद करू नका. भाजणीत कांदा, तीळ, तिखट, हळद, मीठ घाला, कोमट पाण्याने मळा, दहा मिनिटं झाका. ओल्या फडक्यावर पातळ थापा, बोटाने चार-पाच भोकं पाडा. तव्यावर टाकल्यावर भोकांत तेल सोडा. तेल खाली पोचतं, वाफ बाहेर पडते आणि मधला भागही कडेसारखा खरपूस होतो. झाकण ठेवून एक बाजू झाली की उलटा.

कच्चट वास आला तर डाळ कमी भाजलीय. कडवट लागलं तर काहीतरी करपलंय, हा घाणा विकू नका. थापताना कडा फाटल्या तर आधी थोडं पाणी वाढवून पुन्हा थापा. तरीही फाटल्या तर दळण जाडं आहे किंवा उडीद कमी पडलाय, कारण पीठ धरून ठेवायचं काम उडदाचं. फार चिकट झालं तर उडीद जास्त.

लोकलने रात्री आठला घरी पोचणाऱ्या ताईंना थापताना तुटणारं पीठ नकोय. न तुटणाऱ्या भाजणीला त्या चार पैसे जास्त देतात, आणि पुढच्या महिन्यात फोनही त्याच करतात.