‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ लिहिण्याआधी

घरून आंबे, मसाले, साड्या विकणाऱ्यांनो, तक्रारीला उत्तर लिहिताना तुम्ही एकदम मंत्रालयातले कारकून का होता? एरवी फोनवर किती छान बोलता!

आमच्या आतेभावाची देवगडजवळ हापूसची बाग आहे. हंगामात गिऱ्हाइकांचे मेसेज मी बघतो. गेल्या वर्षी पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं, “दोन डझनांची पेटी काल मिळाली. पाच आंब्यांत साका निघाला. उद्या आईच्या वाढदिवसाला आमरस करायचा होता.” त्यावर भावाने तयार केलेलं उत्तर असं होतं:

“आदरणीय ग्राहक, आमच्यावर विश्वास दाखवल्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत. आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली असून लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. कृपया सहकार्य करावे.”

यात एकही शब्द उद्धट नाही. पण आंबाही नाही, साका नाही, आई नाही. हेच उत्तर फाटलेल्या साडीला किंवा बंद पडलेल्या मिक्सरला जसंच्या तसं चाललं असतं. पाठवण्याआधी एवढंच तपासा: मूळ तक्रार हाताने झाका आणि फक्त आपलं उत्तर वाचा. कशाबद्दल आहे ते कळलं नाही, तर ते उत्तर अजून लिहायचंच आहे.

मग आम्ही ते पुन्हा लिहिलं. आधी ‘गैरसोय’ काढली आणि घडलं ते मांडलं. नंतर ‘नोंद घेण्यात आली’कडे वळलो. कोणी घेतली? अशा क्रियापदात माणूस लपून बसतो. ‘मी’ किंवा ‘आम्ही’ आला की त्याला बाहेर यावंच लागतं, आणि बाहेर आला की ‘योग्य ती कार्यवाही’ म्हणून भागत नाही; काय करणार आणि कधी, ते सांगावं लागतं. हिशेब सोपा होता. डझन बाराशेला, म्हणजे पाच आंब्यांचे पाचशे रुपये.

‘कृपया’सुद्धा गेलं. मराठीत आर्जव बहुतेक वेळा क्रियापदात असतं: ‘पाठवाल का?’, ‘जरा सांगता का?’, ‘तेवढा एक फोटो टाका.’ ‘कृपया’ चपला बाहेर काढायच्या पाटीवर शोभतं. ‘क्षमस्व’चीही तीच गत. शिवाय संस्कृतात ते एकवचनी आज्ञार्थी रूप आहे, ‘तू क्षमा कर’ असं. म्हणजे ‘आपणांस’ म्हणून डोक्यावर बसवायचं आणि पुढच्याच शब्दात अरेतुरे!

शेवटी गेलेलं उत्तर हे:

“नमस्कार. पाच आंब्यांत साका, आणि तोही आईंच्या वाढदिवसाच्या तोंडावर. वाचून फार वाईट वाटलं. साका बाहेरून दिसत नाही, आंबा कापल्यावरच कळतो, म्हणून पेटी भरताना आमच्या लक्षात आला नाही. पण आंबे आमच्या बागेतले, तेव्हा भरपाई आम्हीच करायची. पाचशे रुपये आज संध्याकाळी सहापर्यंत तुमच्या याच नंबरवर पाठवतो. उद्यापर्यंत दुसरे आंबे पोचवणं मात्र आम्हाला जमणार नाही. आईंना आमचा नमस्कार सांगा.”

यात एक वाक्य मी लिहून खोडलं: ‘उरलेल्या एकोणीस आंब्यांचा रस भरपूर होईल.’ खरंच झाला असता. पण ते त्यांनी म्हणावं. आपण म्हटलं तर समजूत घालून वाटेला लावल्यासारखं होतं. ‘जमणार नाही’ हे वाक्य भावाला खुपत होतं, ते मी हट्टाने ठेवलं. ‘प्रयत्न करतो’ लिहिलं असतं, तर त्या बाई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दाराकडे बघत बसल्या असत्या. साक्याचा खुलासाही एकाच वाक्यात आटोपला. तीन वाक्यं झाली की खुलाशाची वकिली होते.

आता कोणी दुसऱ्या टोकाला जाईल. ‘अगं ताई, काय सांगू’ आणि पुढे रडक्या चेहऱ्यांची रांग. चिडलेल्या माणसाला ही सलगी जास्तच झोंबते. समोरच्याने ‘तुम्ही’ म्हटलं असेल तर आपणही ‘तुम्ही’वरच राहावं. आणि खाऊन कोणी आजारी पडलं असेल, किंवा गोष्ट ग्राहक आयोगापर्यंत जायची चिन्हं असतील, तर आधी फोन करा आणि मग तारीख, रक्कम, बिल यांच्यासह सरळ, कोरडं पत्र लिहा. तिथे ऊब शब्दांत नको, फोनवर असू दे.

राहिली सही. भावाने खाली ‘ग्राहक सेवा विभाग’ लिहिलं होतं. तो विभाग म्हणजे ओसरीवर पेंढ्यात बसून आंबे निवडणारी वहिनी. तिचं नाव टाकलं.