'हाताने तोडलेली' हे अर्धसत्य

१/
महागड्या कॉफीच्या पाकिटावर 'हाताने तोडलेली' असे मोठ्या अभिमानाने छापलेले असते. त्याने काहीच सिद्ध होत नाही. ब्राझीलमध्ये फांदी मुठीत धरून बुडापासून शेंड्यापर्यंत ओरबाडत नेतात, तेही कित्येक मळ्यांत हातानेच. कोणते फळ झाडावर राहू दिले, हा खरा प्रश्न.

२/
या ओरबाडणीला आळस म्हणणे हा इतिहासाचा अपलाप आहे. साओ पावलोचे मळे अफाट होते. १८८८ मध्ये गुलामगिरी संपली आणि मळ्यांत मुख्यत्वे इटालियन स्थलांतरित राबू लागले. तोडणीची मजुरी त्यांना फळांच्या मापावर मिळे, आणि मापाला रंग कळत नाही. हिरव्या फळानेही ते भरतेच. शिवाय कोरड्या हिवाळ्यानंतर पाऊस आला की तेथे झाडे एकदम बहरतात, म्हणून बरीचशी फळे जवळपास एकाच वेळी पिकतात.

कोलंबियात पाऊस वर्षभर विखुरलेला. एकाच फांदीवर कोवळे, हिरवे आणि लाल फळ नांदते. तेथे ओरबाडणे म्हणजे पुढचे पीकच मोडणे. म्हणून मजूर त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा येतात. त्या वेचणीचे सारे श्रेय सचोटीला देणे भाबडेपणाचे आहे.

३/
पण याचा अर्थ ओरबाडणी निर्दोष, असा नव्हे. तिचे समर्थक म्हणतात, निवड नंतर होतेच. हौदात वाळलेली फळे तरंगतात, हे खरे. परंतु पिकलेल्यांबरोबर हिरवीही बुडतात. हिरवी वेगळी काढायची तर साल काढणारे यंत्र लागते: दाबाखाली पिकलेले मऊ फळ बी सोडते, कठीण हिरवे तसेच पुढे जाते. सालीसकट वाळवायच्या कॉफीला हा टप्पाच नाही. आणि निवडले तरी ते हिरवे फळ हलक्या प्रतीचेच राहते. आंबा आढीत पिकतो. कॉफीची बी फळ तुटल्यावर पुढे भरत नाही.

४/
ही अपक्व बी कच्ची असताना सहसा नजरेतून सुटते. भाजल्यावर मात्र ती फिकट राहते, कारण रंग आणि गंध देणारी साखरच तिच्यात पुरेशी नसते. चवीला शेंगदाण्याच्या टरफलासारखी, जिभेला तुरट. एका कपाला साधारण सत्तर-ऐंशी बिया लागतात. त्यांत पाच-सहा फिकट असल्या तर गोडवा दबतो. पुढच्या कपात एकही नसली तर तीच कॉफी निराळी लागते. एकसारखेपणा बिघडतो तो असा. उलट अतिपक्व फळे आंबूस, सडका वास आणतात.

५/
ब्राझीलच्या सरकारी प्रतवारीत ३०० ग्रॅम नमुन्यातील पाच हिरव्या बिया मिळून एक दोष धरतात. एक काळी बी मात्र एकटीच एक दोष. हिरवेपणाला दिलेली ही सवलत ओरबाडणीला पाठीशी घालते.

पाकिटावरच्या 'हाताने'ला भुलणाऱ्याने १०० ग्रॅम भाजलेली कॉफी पांढऱ्या ताटात पसरावी आणि फिकट बिया मोजाव्यात. 'स्पेशालिटी' म्हणवणाऱ्या कॉफीत त्यांची मान्य संख्या शून्य आहे.