हप्ता थांबतो, व्याज नाही

शैक्षणिक कर्जाच्या करारात ‘मोरॅटोरियम’ दिसला की आईवडील निश्चिंत होतात: शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत काही भरायचे नाही. पण या काळात थांबतो तो हप्ता. व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चालूच असते. समजा, चार वर्षांच्या इंजिनिअरिंगसाठी १० टक्के दराने ८ लाख मंजूर झाले. बँक ते एकदम देत नाही. दरवर्षी २ लाख थेट कॉलेजला जातात आणि व्याज तेवढ्यावरच लागते. पहिल्या २ लाखांवर पाच वर्षांचे सरळव्याज १ लाख, शेवटच्या २ लाखांवर दोन वर्षांचे ४० हजार. सगळे मिळून २ लाख ८० हजार. एक पैसाही भरला नसेल तर ही रक्कम मुद्दलात मिळवली जाते आणि हप्ता ८ नव्हे, १० लाख ८० हजारांवर बसतो. दहा वर्षांसाठी महिना सुमारे १०,५७० ऐवजी १४,२७०. म्हणून जमत असेल तर व्याज तेवढे दरमहा भरत जा. पहिल्या वर्षी ते १,६६७ रुपयेच असते, चौथ्या वर्षी ६,६६७ होते. असे भरणाऱ्यांना काही बँका व्याजदरात सवलतही देतात. आणखी एक: नोकरी लागली नाही तरी मुदत संपताच हप्ता सुरू होतो, आणि तो थकला तर सहकर्जदार म्हणून सही केलेल्या पालकांचाही सिबिल स्कोअर घसरतो. सहीआधी बँकेकडून पहिल्या हप्त्याची तारीख आणि त्या दिवशीची अंदाजे बाकी लेखी मागून घ्या.