रागाची तारीख बघा



आमचे धाकटे दीर दुकानदार. दर महिन्याच्या १५ तारखेनंतर घरात चिडचिड सुरू, कधी आमटीवरून, कधी नातवाच्या दंग्यावरून. जाऊबाईंनी कॅलेंडरवर खुणा केल्या तेव्हा उमगलं. २० तारखेला जीएसटीचं मासिक रिटर्न भरायचं असतं आणि गिऱ्हाइकाची उधारी आली नसली, तरी बिलावरचा कर भरावाच लागतो. त्याच दिवसांत ते पहाटे तीनला उठून बसत, पोट बिघडे, रविवारीही दुकान उघडत.

माझं मत असं, की राग कशावरून आला यापेक्षा कधी येतो ते बघावं. गप्प बसण्याचंही तेच. मौन पाळणारा माणूस निवांत दिसतो. हे जबडा आवळून बसत.

‘काय झालंय?’ विचारलं की ‘काही नाही.’ शेवटी जाऊबाईंनी विचारलं, ‘कुणाकडून किती येणं आहे?’ तेव्हा आकडा बाहेर आला.

मात्र काळजीपोटी हात उगारला, तर तो खपवून घ्यायचा नाही. छातीत दुखलं, तर ताण म्हणून सोडू नका. आणि २० तारीख उलटूनही झोप येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावं.