अब्बांच्या दाखल्यावरची कसर

मुलाच्या एका अर्जासाठी अब्बांचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता, म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही आतल्या खोलीतले लोखंडी कपाट उघडले. दाखला मिळाला, पण जन्मतारखेच्या ओळीवरचा कागद कोणीतरी नखाने खरवडल्यासारखा पातळ झाला होता. उजेडासमोर धरला तर आरपार दिसे. अम्मींच्या खळ घातलेल्या सुती दुपट्ट्यालाही वेड्यावाकड्या कडांची छिद्रे पडली होती. अम्मी म्हणाल्या, "वाळवी आहे." आम्हालाही आधी तसेच वाटले.

पण वाळवी माती आणते आणि इथे मातीचा कण नव्हता. लाकडातल्या भुंग्याची छिद्रे गोल आणि पानांमागून पाने आरपार जातात, तशीही नव्हती. फायली हलवल्या तेव्हा बोटाच्या पेराएवढा एक रुपेरी किडा माशासारखा सळसळत फटीत गेला. हीच ती कसर. तिला कागदापेक्षा त्यावरची खळ, बांधणीतला डिंक आणि पिठाची चिक्की आवडते, म्हणून ती भोक पाडण्याआधी वरचा थर खरवडते. जुन्या फोटोंवरचा थरही ती खाते.

उर्दू पुस्तकांच्या पानांवर आणखी एक प्रकार दिसला. मिलिमीटरभर लांबीचे, फिकट, धुळीच्या कणासारखे जीव पळत होते. यांना पुस्तकातल्या उवा म्हणतात. (डोक्यातल्या उवांशी यांचा संबंध नाही, चावतही नाहीत. आमच्या मुलीने तरी दोनदा केस धुतले.) या उवा मुख्यतः कागदावरची बुरशी खातात, आणि ती डोळ्यांना दिसण्याआधीच त्यांना सापडते. म्हणजे उवा दिसल्या की कपाटात ओल आहे हे नक्की समजावे.

आम्ही ओल मोजणारे छोटे डिजिटल यंत्र आणून मागच्या फळीवर ठेवले. आकडा आला 88 टक्के. खोलीच्या मध्यावर तो 81 होता. कपाट ज्या भिंतीला चिकटून होते तिच्या पलीकडे न्हाणीघर आहे, आणि तिथला नळाचा पाईप आतून पाझरत होता. भिंत गार असल्याने पत्र्यालाही ओल धरत होती. आतापर्यंत आम्ही दरवर्षी डांबराच्या गोळ्या टाकून मोकळे होत होतो.

त्या गोळ्यांविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. अधूनमधून उघडणाऱ्या कपाटात त्यांचा वास साठत नाही, त्यामुळे कसरीला फारसे काही होत नाही. पण जी-सिक्स-पी-डी या घटकाची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी या वासाने फुटू शकतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. पुढच्या बाळासाठी जपलेली झबली, दुलया या गोळ्यांत ठेवू नयेत. आमच्याकडे त्या तशाच ठेवल्या होत्या, हे आठवून आजही धस्स होते.

मग पाईप दुरुस्त केला. कपाट विटांवर चढवून भिंतीपासून चार इंच पुढे ओढले. पुस्तके उन्हात न टाकता पंख्याखाली पाने उलगडून उभी केली, कारण कडक उन्हाने शाई फिकी पडते आणि बांधणी वाकते. मऊ ब्रशने उवा आणि बुरशी व्हरांड्यात झटकली, नाकाला रुमाल बांधून. कुरआन शरीफचे जुजदान ओलसर लागत होते. ते धुऊन, खळ न घालता, पूर्ण वाळवून पुन्हा चढवले.

पावसाळ्यात कपाटाची दारे उघडी ठेवून ओल जात नाही, कारण बाहेरची हवाच दमट असते. म्हणून दाखले, निकाहनामा आणि फोटो आधी चांगले वाळवले आणि रबरी कडा असलेल्या घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या कापडी पुरचुंडीसह ठेवले. नारिंगी दाणे ओल शोषून हिरवे होतात. स्वयंपाकात न वापरायच्या पातेल्यात मंद आचेवर परतले की पुन्हा नारिंगी होतात. डब्यातला आकडा 50 च्या खाली आला. दुपट्टा व लोकरी शाल प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवली. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडली नाही, नाहीतर गार कपड्यावर पाणी धरते.

तीन आठवड्यांत मागच्या फळीवरचा आकडा 66 झाला. उवा दिसेनाशा झाल्या, पण कसर इतक्यात जात नाही. ती अन्नावाचून महिनोन्‌महिने तगते आणि अंडी फटीत घालते. म्हणून काचेच्या बरणीला बाहेरून कागदी चिकटपट्टी गुंडाळून आत भाताची चिमूटभर चिक्की ठेवली आहे. पट्टीवरून ती चढते, आत पडते, गुळगुळीत काचेवरून बाहेर येता येत नाही. पहिल्या आठवड्यात सात सापडल्या, गेल्या आठवड्यात एक.

दाखल्यावरची तारीख मात्र वाचता येत नव्हती. शाळेच्या जुन्या नोंदवहीवरून दुसरी प्रत मिळाली, त्यासाठी तीन फेऱ्या पडल्या.