'घरची परिस्थिती' कोणत्या रकान्यात टाकायची?

आपल्या समाजाविषयी बोलताना आपण सगळेच 'सर्वेक्षणातून असे दिसते' म्हणतो. दिसते ते लोकांच्या उत्तरांतून की आपल्या स्प्रेडशीटमधून, हे मात्र कोणी विचारत नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, डेटाशी रोजचा संबंध. तरीही हा प्रश्न मला पडला तो नोकरीत नाही, एका वस्तीच्या सर्वेक्षणात.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाशेजारची वस्ती. आमच्या गटातल्या मुलामुलींनी घरोघरी जाऊन शाळा सोडलेल्या मुलांविषयी 120 फॉर्म भरून आणले. वय, इयत्ता, मुलगा की मुलगी, आणि शेवटी एक मोकळा प्रश्न: शाळा का सोडली? उत्तर जसे मिळेल तसे लिहायचे. मी वस्तीत गेलो नव्हतो. 'तुम्ही कॉम्प्युटरवाले' म्हणून सगळे फॉर्म शीटमध्ये चढवून टक्केवारी काढण्याचे काम माझ्याकडे आले. दोन संध्याकाळींचे काम आहे, असे मी सांगितले. दोन महिने लागले.

पहिला धडा आकड्यांनीच दिला. शाळा सोडतानाच्या वयाची सरासरी काढली आणि ती गटातल्या एकाला खटकली. तेव्हा मी वयाच्या रकान्याखाली ही दोन सूत्रे लिहून पाहिली:

```
=COUNTA(C2:C121)
=COUNT(C2:C121)
```

पहिले सूत्र भरलेल्या सगळ्या चौकटी मोजते, दुसरे फक्त ज्यांत खरोखर संख्या आहे अशा. पहिले 118 म्हणाले, दुसरे 96. मधल्या 22 चौकटींत '१४', '14 वर्षे', 'अंदाजे 13' असे लिहिलेले होते. माणसाला ते वय दिसते, शीटला तो मजकूर दिसतो. आणि `AVERAGE` मजकूर गुपचूप सोडून देते, चूक झाल्याचे सांगत नाही. त्यातली बहुतेक वये एकाच मुलीने भरलेल्या फॉर्ममधली होती, कारण तिचा कीबोर्ड मराठीत होता. म्हणजे तिने पायपीट केलेली एक अख्खी गल्ली आमच्या सरासरीतून बाहेर पडली होती. इयत्तेच्या रकान्यात तर कोणी '7-8' लिहिले होते, ते शीटने तारीख करून टाकले होते.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. आलेला डेटा एका वेगळ्या पानावर कुलूप लावून ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. प्रत्येक फॉर्मला क्रमांक द्यायचा. दुरुस्ती दुसऱ्या पानावर, नव्या रकान्यात करायची आणि काय बदलले ते शेजारी लिहायचे. मूळ 'अंदाजे 13' खोडून 13 केले, तर तो अंदाज होता हे कायमचे हरवते.

पण ही चूक निदान सापडते. खरी अडचण पुढे, त्या मोकळ्या प्रश्नापाशी आहे. 120 उत्तरे तशीच्या तशी मोजता येत नाहीत. त्यांना गट द्यावे लागतात, यालाच संशोधनात कोडिंग म्हणतात. आम्ही सुरुवातीला पाच गट केले: पैसा, शाळेचे अंतर, लग्न, घरच्यांचे बंधन, अभ्यासात रस नाही. प्रत्येक उत्तराला एक गट. मी भराभर बसवत गेलो. 'घरची परिस्थिती' हे उत्तर वारंवार येत होते. मी ते 'पैसा' या गटात टाकत होतो. 'परिस्थिती' म्हणजे गरिबी, मराठीत दुसरा अर्थ काय असणार?

गटातली एक शिक्षिका पत्रके चाळत होती. ती म्हणाली, "भाई, परिस्थिती म्हणजे पैसाच, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

आम्ही फॉर्म भरणाऱ्या मुलांना बोलावून विचारले. एकाने सांगितले, "त्या काकू 'हालात ठीक नहीं थे' म्हणाल्या, मी मराठीत परिस्थिती लिहिलं." कोणते हालात? एका घरात वडील अंथरुणाला खिळले होते आणि मुलगी त्यांच्याजवळ बसायची. दुसऱ्या घरात खरेच पैसा नव्हता. तिसरीकडे थोरल्या बहिणीविषयी गल्लीत काही बोलले गेले होते आणि धाकटीची शाळा बंद झाली. एकच शब्द, तीन कारणे, आणि त्यावर करायचे उपायही तीन. आईच्या बोलण्याचे एकदा भाषांतर झाले होते, त्याचे मी गटात टाकून दुसरे भाषांतर करत होतो. पहिल्यात जे गळाले ते दुसऱ्यात परत येणार नव्हते.

मग आम्ही रीतसर बसलो. प्रत्येक गटासाठी चार ओळी लिहिल्या: व्याख्या, यात काय धरायचे, काय धरायचे नाही, आणि एक खरे उदाहरण. 'पैसा' याची व्याख्या अशी झाली: उत्तरात फी, खर्च, मजुरी, कर्ज किंवा कमाई यांचा स्पष्ट उल्लेख हवा. नुसती 'परिस्थिती' असेल आणि घरी परत जाऊन विचारता आले नाही, तर तिला स्वतंत्र गट: 'परिस्थिती, खुलासा नाही'. अहवालात तो गट दिसला की लाज वाटते, आपले काम कच्चे वाटते. पण तो खरा आहे. तो लपवण्यासाठी अंदाजाने वाटून टाकणे ही लबाडी आहे.

व्याख्या लिहिण्याआधी आणि नंतर आम्ही एक चाचणीही केली. मी आणि ती शिक्षिका, दोघांनी एकमेकांचे न बघता 40 उत्तरांना 'पैसा' हा गट लागू आहे की नाही ते ठरवले. 28 उत्तरांवर एकमत झाले. 70 टक्के, बरे वाटते. पण मी 40 पैकी 25 ना 'हो' म्हटले होते, तिने 19 ना. या प्रमाणात दोघांनी डोळे मिटून हो-नाही म्हटले असते, तरी निम्म्याच्या जवळपास उत्तरे जुळलीच असती. योगायोगाच्या पलीकडे जेवढे एकमत शक्य होते, त्यातले जेवढे खरोखर झाले त्या प्रमाणाला कोहेनचा कप्पा म्हणतात. तो शून्य असेल तर नुसता योगायोग, 1 असेल तर पूर्ण एकमत. आमचा 0.41 आला. व्याख्या लिहिल्यावर दुसरी 40 उत्तरे घेतली, तेव्हा 36 जुळली आणि कप्पा 0.8 च्या जवळ गेला. यात आमच्यापैकी कोणी जास्त हुशार झाले नव्हते. डोक्यातला नियम कागदावर आला, एवढेच.

एक गोष्ट मला त्याहून जास्त टोचली. 'मन लागत नव्हतं' हे उत्तर मुलाचे असेल तर मी 'अभ्यासात रस नाही' लिहिले होते. मुलीचे असेल तर 'घरच्यांचे बंधन'. शब्द तेच. शेजारच्या रकान्यात मुलगी दिसली की माझ्या मनातला जुना समज उत्तराच्या जागी येऊन बसत होता. त्यानंतर कोडिंग करताना फक्त क्रमांक आणि उत्तर दिसेल असे पान केले, बाकीचे रकाने लपवले. हा उपाय अपुरा आहे, कारण मराठीत 'गेलो' आणि 'गेले' यावरूनच कळते. पण निम्मी मदत तरी होते.

शेवटचा बदल सर्वांत महत्त्वाचा ठरला. एका आईचे उत्तर मुलाने जसेच्या तसे लिहून घेतले होते: "सातवी तक इधरीच था. आगे रिक्षा का पैसा, और अकेली कू कैसा भेजना?" हे पैशात टाकायचे, अंतरात की बंधनात? एकच गट निवडायचा म्हटले की निवड आपली होते, तिची नाही. गरिबीवर बोलणारा 'पैसा' निवडेल. आपल्यासारखे सुधारणावादी नकळत 'बंधन' निवडतील, कारण ते सापडावे असे आपल्यालाच वाटत असते. म्हणून आम्ही प्रत्येक गटाला स्वतंत्र रकाना केला आणि लागू असेल तिथे 1, नसेल तिथे 0 लिहिले. या आईच्या ओळीत तीन ठिकाणी 1 आले. उत्तरांचा रकाना D आणि गटाचा F असेल, तर वाटा असा निघतो:

```
=SUM(F2:F121)/COUNTA(D2:D121)
```

सगळ्या गटांची बेरीज मग 100 टक्क्यांच्या वर जाते. अहवालात तसे स्पष्ट लिहावे लागते आणि गोल पाय-चार्ट काढता येत नाही. पण त्याबदल्यात कोणती कारणे एकत्र येतात ते दिसते. आमच्याकडे 'बंधन' असलेल्या बहुतेक ओळींत 'अंतर' पण होते. नुसते बंधन क्वचितच होते. ग्रामीण मुलींना शाळेसाठी एस.टी.चा पास मोफत मिळतो, तरी ही आई रिक्षाचे पैसे मोजते, कारण शाळा सुटण्याच्या वेळी गाडीच नाही. माझ्या पहिल्या शीटमधून शिष्यवृत्तीचे फॉर्म भरण्याचे शिबिर निघाले असते. दुसऱ्या शीटमधून आगाराकडे गाडीची वेळ बदलण्याचा अर्ज निघाला.

मुस्लिम पालक मुलांना मदरशातच घालतात, हा समज किती पक्का होता ते आठवा. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने मोजून दाखवले की मदरशात शिकणाऱ्या मुस्लिम मुलांचे प्रमाण अगदी थोडे, चार टक्क्यांच्या आसपासच आहे. समज मोजणीने हटतो. पण मोजणीतच समज शिरला, तर त्याला आकड्यांचे कपडे मिळतात, आणि मग तो हटवणे दुप्पट कठीण.

म्हणून माझा आग्रह आहे. आपल्या चळवळीतल्या कोणीही सर्वेक्षण केले तर टक्केवारीसोबत गटांच्या व्याख्याही छापाव्यात. किती उत्तरांचा खुलासा झाला नाही तेही सांगावे. मूळ उत्तरे जपावीत, पण ती उघड्यावर टाकू नयेत: नाव काढले तरी 'थोरल्या बहिणीविषयी बोलले गेले' एवढ्यावरून छोट्या वस्तीत घर ओळखता येते. आणि ज्याने फॉर्म भरला, त्याला कोडिंगच्या वेळी शेजारी बसवावे. त्या काकूंचे 'हालात' त्यानेच ऐकले होते. मी फक्त 'परिस्थिती' वाचली होती.