एक ताट, वेगळी अंथरुणे

दुसरा निकाह ठरतो तेव्हा मोठी माणसे मेहर आणि तारीख ठरवतात. मुले कुठे झोपणार, हे मात्र मुले घरात आल्यावर आठवते.

समजा, माळेगाव बुद्रुकमध्ये तीन खोल्यांचे घर आहे. अब्बू साखर कारखान्यात कामाला. त्यांचा मुलगा तेरा वर्षांचा आणि मुलगी नऊ वर्षांची. नव्या अम्मीची मुलगी बारा वर्षांची आणि मुलगा सहा वर्षांचा. "आता चौघे भावंडेच" म्हणून सगळ्यांची अंथरुणे एकाच खोलीत घालणे चूक. सावत्र वडील आणि मुलगी हे नाते महरमचे. पण या मुलांचे आई-वडील वेगळे आहेत, दूधनातेही नाही, म्हणून ती परस्परांची महरम नाहीत. सख्ख्या भावंडांचीही अंथरुणे दहाव्या वर्षी वेगळी करायची शिकवण आहे. तेव्हा आतली, दाराला कडी असलेली खोली मुलींची, पुढची मुलांची. न्हाणीघरालाही आतून कडी हवी.

कागदावर हे चोख दिसते, पण सहा वर्षांचा मुलगा कालपर्यंत अम्मीच्या कुशीत झोपत होता. त्याला एकदम तेरा वर्षांच्या अनोळखी मुलाशेजारी पाठवले, तर नव्या अब्बूंनी अम्मी हिरावली, असेच त्याला वाटेल. तो रात्री उठून रडू लागला किंवा पुन्हा अंथरूण ओले करू लागला, तर रागावू नका. काही आठवडे त्याचे अंथरूण अम्मीजवळच राहू द्या. मोठ्यालाही खोली वाटून घ्यावी लागते आहे. त्याचे कपाट त्याचेच राहू द्या आणि त्याची किल्ली त्याच्याकडेच असू द्या.

यानंतर शिस्तीचा प्रश्न येतो. गळीत हंगामात अब्बूंची रात्रपाळी असते आणि मोबाइल ठेवायला सांगणारी नवी अम्मी एकटी पडते. मोठा म्हणतो, "तुम्ही माझ्या अम्मी नाही." म्हणून नियम अब्बूंनी, अम्मीला शेजारी बसवून, चौघांना एकदमच सांगावेत. नियम तीनच पुरेत: मोबाइल नऊला बंद, दार वाजवूनच आत, जेवण एकत्र. मोडल्यास पहिली काही महिने ज्याचे मूल त्यानेच समजवावे.

हजरत उम्मे सलमा (रजि.) यांना निकाहाआधी आपल्या मुलांची काळजी होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती मुले आपलीच मानली. त्यांचा मुलगा उमर जेवताना ताटभर हात फिरवी. प्रेषितांनी त्याला बिस्मिल्लाह म्हणायला, उजव्या हाताने आणि आपल्या समोरचे खायला शिकवले. सावत्र मुलाला शिस्त लागली ती एका ताटाशी बसून.

राहिला वेळ. चौघांना सारखा वेळ देता येत नाही. पण अब्बूंनी आठवड्यातून एकदा आपल्या मुलाला एकट्याला बरोबर न्यावे, अम्मीने आपल्या मुलीच्या केसांना तेल लावताना दार लोटून घ्यावे. आपले माणूस अजून आपलेच आहे, ही खात्री पटली की मूल दुसऱ्याला जागा देते.